चौकटीतली पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीने मला सांगितलं, "भाऊ, तुम्ही बांधकाम समितीवर होतात, तेव्हा सोसायटीचा इतिहास तुम्ही लिहा." नोंदणी, भूखंड, कर्ज, भूमिपूजन हा इतिहास आपल्या पहिल्या अध्यक्षांनी याच अंकात लिहिला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. म्हणून मी माझ्या वाट्याला आलेला तुकडा तेवढा लिहितो. तो दारं-खिडक्यांच्या चौकटींचा आहे. ऐकायला किरकोळ वाटेल, पण या पंचवीस वर्षांत सोसायटीत जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी तरी पार्किंगची होती आणि उरलेली चौकटींची. शिवाय त्यात एक चूक माझी आहे. ती आजवर इतिवृत्तात कुठेही नोंदलेली नाही.

१९८५ च्या जानेवारीत पायाचं काम संपत आलं होतं. तळमजला अधिक तीन, एकूण चोवीस बिऱ्हाडं. पैशाची ओढाताण काय होती ते जुन्या मंडळींना आठवत असेल. सिमेंट मिळालं की पैसे संपायचे आणि पैसे आले की सिमेंट संपलेलं असायचं. त्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे विषय होता : चौकटी कशाच्या घ्यायच्या? मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

पर्याय तीन होते. लाकूड, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम.

लाकूड म्हणजे साग, असंच तेव्हा सगळे धरून चालत. सागाची ख्याती खोटी नाही. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात. त्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य वाळवीला सोसत नाही, म्हणून जुन्या वाड्यांतल्या सागाच्या चौकटी शंभर वर्षं उभ्या दिसतात. पण हे सगळं गाभ्याचं कौतुक आहे. सालीलगतचं जे पांढुरकं लाकूड असतं, त्यात ही द्रव्यं जवळजवळ नसतात आणि वाळवी ते पापडासारखं खाते. जुन्या वाड्याला जाड बुंध्याचा नुसता गाभा मिळत असे. आपल्याला वखारीत मिळणाऱ्या फळीच्या एका कडेला बोटभर तरी पांढरा पट्टा असायचाच. 'साग आहे' एवढं सांगून भागत नाही, त्यात पांढरं किती हे बघावं लागतं.

आता पैशाचा हिशेब. आतल्या खोलीच्या दाराची चौकट चार इंच बाय अडीच इंच जाडीची. दोन उभे साडेसात-साडेसात फुटांचे म्हणता म्हणता शेवटी सात-सात फूट आणि वरचा आडवा साडेतीन फूट, म्हणजे साडेसतरा फूट लांबी. याचं लाकूड भरतं सव्वा घनफुटाच्या आसपास. वखारीचा दर तेव्हा आम्हाला २२० रुपये घनफूट मिळाला होता. लाकूड २७५ रुपये आणि सुताराची मजुरी ६०, म्हणजे चौकट पडायची ३३५ रुपयांना. पत्र्याच्या दाबून वळवलेल्या चौकटीचा भाव होता १९०. एका घरात आतल्या चार चौकटी, चोवीस घरांत शहाण्णव. एका चौकटीमागे १४५ रुपये वाचतात, म्हणजे एकूण १३,९२० रुपये. त्या काळी हा आकडा ऐकून सभेत सगळे सरळ बसले.

अ‍ॅल्युमिनियम तेव्हा बँका आणि ऑफिसांमध्ये दिसायचं. चार बाय चारच्या एका खिडकीला लोखंडी झेड सेक्शनमध्ये काचेसकट ५६० रुपये लागत होते आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये १४४०. आमच्या खजिनदारांनी तो कागद न बोलता उलटा करून ठेवला.

शेवटी ठरलं ते असं. मुख्य दाराची चौकट सागाची, कारण मुख्य दार लोखंडाचं असावं हे एकाही गृहिणीला पटेना. आतल्या चौकटी पत्र्याच्या. खिडक्या लोखंडी.

इथवर काही चुकलं नव्हतं. चूक त्याच सभेतल्या पुढच्या विषयात झाली.

पुढचा विषय होता वाळवीप्रतिबंधक फवारणीचा. घर बांधण्याआधी पायाच्या भिंतींलगत आणि जोत्याच्या भरावावर, फरशीखालचं काँक्रीट पडण्यापूर्वी, औषध जिरवतात. आय. एस. ६३१३ या मानकात त्याचं प्रमाण दिलेलं आहे : भरावाच्या पृष्ठभागावर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. आपल्या इमारतीचं जोतं साधारण चारशे चौरस मीटर, म्हणजे नुसत्या भरावाला दोन हजार लिटर. त्या काळी आल्ड्रिन वापरत, पुढे त्यावर बंदी आली. पायासकट सगळ्याचं अंदाजपत्रक आलं होतं ६,२०० रुपयांचं.

खजिनदारांनी विचारलं, "भाऊ, हे अगदी लागेलच का?"

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "आतल्या चौकटी लोखंडाच्या घेतोय आपण. लोखंडाला वाळवी लागत नाही. मुख्य दार सागाचं आहे. मग वाळवी येऊन खाणार काय?"

सभेत हशा पिकला. विषय रद्द झाला. ६,२०० भागिले चोवीस, म्हणजे घरटी २५८ रुपये वाचले. त्याबद्दल माझं अभिनंदनही झालं आणि ते मात्र इतिवृत्तात आहे.

१९८६ साली आपण राहायला आलो. पहिली सात-आठ वर्षं सुखाची गेली. १९९४ च्या गणपतीत तळमजल्यावरच्या शिक्षिका बाईंनी मला बोलावलं. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. यजमान जाऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. म्हणाल्या, "भाऊ, बेडरूमचं दार खाली घासतंय. बिजागरीचे स्क्रू पिळले तरी नुसते फिरतात. जरा बघता का?"

पत्र्याच्या चौकटीला बिजागरीचं एक पान वेल्ड केलेलं असतं, ते ढिलं होत नाही. ढिलं झालं होतं दाराकडचं. मी स्क्रू बाहेर काढला तर त्याच्या पिळात लाकडाचा भुसा नव्हता, ओलसर माती होती. दारावर बोटाने टकटक केली. वरच्या भागात लाकडाचा आवाज आला, खालच्या दोन फुटांत पुठ्ठ्याचा. रंग अगदी शाबूत होता. पेचकस टेकवला तर तो रंगातून सरळ आत गेला.

वाळवीचं हेच असतं. तिला उजेड आणि कोरडी हवा चालत नाही. ती जमिनीतून ओल घेऊन येते आणि येताना मातीची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधत येते. लाकडाच्या आतून खाते आणि बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते. भिंतीवर नळी दिसली तर आपलं नशीब चांगलं म्हणायचं. इथे भिंतीवर एकही नळी नव्हती. मी गुडघ्यावर बसून सगळी चौकट, सगळी फरशी पाहिली. स्वच्छ. मग ती आली कुठून?

उत्तर माझ्याच लाडक्या चौकटीत होतं. पत्र्याची चौकट म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा वळवून केलेली पन्हळ. तिची पाठ उघडी असते. भिंत बांधताना चौकट आधी उभी करायची, ओळंबा लावायचा आणि विटांचा थर वर चढेल तसतशी ती पोकळी १:३:६ च्या काँक्रीटने ठासून भरत जायची, अशी पद्धत आहे. आपल्याकडे कंत्राटदाराकडे चौकटी उशिरा आल्या. त्याने भिंती आधी चढवल्या, मोकळ्या ठेवलेल्या जागेत चौकटी नंतर सरकवल्या आणि कडेने माल लिंपून टाकला. बाहेरून अगदी सुबक दिसलं. आत फरशीखालच्या मातीपासून सात फूट उंचीपर्यंत एक अंधारी, बंद, हवा न लागणारी नळी तयार राहिली. शेजारी न्हाणीघर, त्याच्या जाळीखालचा सांधा झिरपत होता, म्हणजे ओलीचीही सोय झाली. वाळवीला स्वतःची नळी बांधायचे कष्टही घ्यावे लागले नाहीत. ती आम्हीच बांधून दिली होती, १९० रुपयांना एक. ती लोखंड खात नव्हती. तिने जिन्यासारखा त्याचा वापर केला आणि वर जाऊन दाराचं लाकूड खाल्लं.

आणि केवळ दार नाही. चौकटीला लागून भिंतीतलं कपाट होतं, मागे प्लायवुड. मी म्हटलं, "बाई, हे कपाट रिकामं करावं लागेल."

त्यात त्यांच्या यजमानांच्या रोजनिश्या होत्या. नोकरीला लागल्यापासून दर वर्षाची एक, अशा सव्वीस. मागच्या रांगेतली एक मी बाहेर काढली. पुठ्ठा हातात आला आणि आतली पानं मातीची झालेली. सव्वीसपैकी पुढच्या रांगेतल्या नऊ वाचल्या.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लोखंडाला लागत नाही म्हणाला होतात ना, भाऊ?" त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की हे झालं कसं.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराची किल्ली घेऊन निघालो आणि घरोघरी जाऊन सगळ्या शहाण्णव चौकटी वाजवून पाहिल्या. भरलेल्या चौकटीवर किल्ली मारली की 'भद्द' असा बसका आवाज येतो. पोकळ असेल तर 'टण्ण' वाजते, अगदी रिकाम्या डब्यासारखी. दर फुटाला वाजवत जायचं, म्हणजे कुठवर भरलेली आहे तेही कळतं. शहाण्णवातल्या एक्केचाळीस कुठे ना कुठे टण्ण वाजल्या. तळमजल्यावरच्या चोविसांपैकी नऊ फरशीपासूनच पोकळ होत्या. त्या नवांपैकी चार दारांत वाळवी सापडली.

मग जे करायला हवं होतं ते नऊ वर्षं उशिरा आणि तिप्पट कष्टाने केलं. तळमजल्यावर भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत दर एका फुटाला बारा मिलिमीटरचं भोक पाडलं आणि प्रत्येक भोकात एक लिटर औषध जिरवलं. औषध क्लोरपायरिफॉस, २० टक्क्यांचं, एका लिटरला एकोणीस लिटर पाणी घालून. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. न्हाणीघराचा झिरपणारा सांधा आधी दुरुस्त केला, कारण ओल तशीच ठेवून औषध मारणं म्हणजे पाहुण्याला हाकलायचं आणि ताट मांडून ठेवायचं. शेवटी पोकळ चौकटींना वरच्या बाजूला भोक पाडून आत सिमेंटची पातळ रबडी ओतली, खालून किल्लीने वाजवत, 'टण्ण'चं 'भद्द' होईपर्यंत. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रबडी ओतली असती तर जिवंत वारूळ आत कोंडलं गेलं असतं आणि त्याने दुसरा रस्ता शोधला असता.

एकूण खर्च आला साडेएकोणीस हजार. त्यात दारं आणि कपाटं धरलेली नाहीत. रोजनिश्यांची किंमत कुठल्या खात्यावर टाकायची ते खजिनदारांनाही सुचलं नाही.

याच तपासणीत सागाचाही निकाल लागला. चोवीस मुख्य चौकटींपैकी दोनांना वाळवी लागलेली सापडली, दोन्ही तळमजल्यावर. दोन्हींत ती फक्त त्या पांढऱ्या पट्ट्यात होती. गाभ्यापाशी येऊन रेघ मारल्यासारखी थांबलेली. सुताराने पट्टा तासून काढला, तिथे पट्टी ठोकली, भिंतीकडच्या बाजूला डांबर चोपडलं. त्या दोन्ही चौकटी आज उभ्या आहेत. बांधतानाच भिंतीला टेकणाऱ्या तिन्ही बाजूंना डांबर लावायचं असतं. बाकी बावीस चौकटींना ते लावलं होतं की नाही, हे भिंत फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि भिंत फोडायची वेळ आलेली नाही यातच समाधान.

आता खिडक्या.

लोखंडी खिडक्यांवर आपल्याकडे जेवढी टीका झाली तेवढी त्यांची लायकी नव्हती, असं मी म्हणालो की अजूनही तिसऱ्या मजल्यावरून आवाज येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोखंडी खिडकी गंजायला सुरुवात कुठून होते? खालच्या आडव्या पट्टीपासून. काच बसवताना जी लांबी भरतात ती चार-पाच वर्षांत वाळून तडकते. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून त्या तडीत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. तो काचेला खालून ढकलू लागतो. मग एके दिवशी कोणी चेंडू मारलेला नसताना काच कोपऱ्यातून तिरपी तडकते. १९९६-९७ च्या सुमारास अशा काचांवरून मुलांना किती बोलणी बसली! आज त्या मुलांची मुलं अंगणात खेळतात, तेव्हा जाहीरपणे सांगतो, त्यातल्या निम्म्या काचा गंजाने फोडल्या होत्या. कोपऱ्यातून सुरू झालेली, आघाताची खूण नसलेली तड दिसली तर आधी खालची पट्टी खरवडून बघावी.

यावर उपाय होता आणि तो सगळ्यांना माहीतही होता. दर तीन वर्षांनी पावसाळ्याआधी तडकलेली लांबी काढायची, गंज पत्रीने खरवडून लोखंड उघडं करायचं, रेड ऑक्साईडचा हात, नवी लांबी, वर ऑईलपेंटचे दोन हात. बहुतेकांनी पंचवीस वर्षांत हे दोनदा केलं. तेही गंजावरच रंग फासून, दिवाळीला घर चांगलं दिसावं म्हणून. दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते दर तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये हाफपँट घालून स्वतः खिडक्या खरवडताना दिसायचे आणि आपण सगळे हसायचो. आज २०११ मध्ये मूळच्या लोखंडी खिडक्या फक्त त्यांच्याच घरात आहेत. पश्चिमेच्या, थेट पाऊस खाणाऱ्या बाजूलासुद्धा.

खिडकीच्या खर्चाचाही एक हिशेब मी नंतर मांडून पाहिला. १९८६ ला लोखंडी खिडकी घेऊन आपण अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने ८८० रुपये वाचवले. दर तीन वर्षांनी नीट रंग दिला असता तर माझ्या टिपणाप्रमाणे एका खिडकीला ६०, ९०, १३०, १८० आणि २२०, म्हणजे २००१ पर्यंत ६८० रुपये लागले असते. वरवर पाहता बचत जवळपास पुसली गेली. पण ते ८८० रुपये दहा टक्क्यांनी ठेवले असते आणि त्यातूनच रंगाचे पैसे काढत गेलो असतो, तरी २००४ साली साधारण ३,४०० रुपये हातात राहिले असते. २००४ साली आपण अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या घेतल्या तेव्हा एकीची किंमत होती ३,३६०. म्हणजे स्वस्त खिडकी घेणं चुकीचं नव्हतं. फक्त स्वस्त वस्तू देखभालीच्या अटीवर स्वस्त असते आणि ती अट आपण पाळली नाही. वाचलेले पैसे कोणी ठेवले नाहीत आणि रंगही कोणी दिला नाही.

२००४ ची अ‍ॅल्युमिनियमची लाट सगळ्यांना आठवत असेल. वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही. सरकत्या खिडक्या, दोन रुळांच्या. एकाने केल्या, मग शेजाऱ्याने, मग सगळ्या मजल्याने. मी यावेळी तोंड बंद ठेवलं होतं. मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस, आणि ठाण्यात आपल्याकडेही कोसळत होता. रस्त्यावरचं पाणी जोत्याच्या पायरीला लागलं, पण आत शिरलं नाही. आत पाणी आलं ते तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडक्यांतून.

सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी साचणारच, ते अपेक्षितच असतं. म्हणून रुळाला बाहेरच्या अंगाला छोटी भोकं ठेवतात, त्यातून ते वाहून जातं. आपल्याकडच्या कारागिरांनी खिडकी आणि ओटा यांच्यातली फट सिलिकॉनने भरताना तीच भोकं बुजवून टाकली होती. रूळ भरला आणि पाणी आतल्या कडेवरून हॉलमध्ये. लोखंडी खिडकी बाहेर उघडते आणि मिटताना चौकटीवर घट्ट दाबून बसते, त्यामुळे ती भले काच तडकवेल, पण वाऱ्याचा पाऊस बऱ्यापैकी अडवते. सरकत्या खिडकीत दोन पल्ल्यांमध्ये ब्रशएवढीच फट राखलेली असते. शिवाय एका वेळी निम्मीच उघडते, त्यामुळे मे महिन्यात जी तक्रार आपण करतो तिचं कारणही तेच.

पावसाळ्याआधी प्रत्येकाने एक करावं. तांब्याभर पाणी रुळात ओतावं आणि बाहेरून बघावं. पाणी मिनिटाभरात बाहेर ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर बारीक तारेने भोकं मोकळी करावी. यात एक पैसा खर्च नाही.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हेही सागासारखंच अर्धं खरं आहे. ते लोखंडासारखं फुगत नाही. पण ओला सिमेंटचा माल त्याच्यावर पडून राहिला तर कायमचे पांढरे डाग पडतात. आणि साध्या लोखंडी स्क्रूने बसवलं तर खाडीच्या खाऱ्या दमट हवेत स्क्रूभोवती ते पांढऱ्या पिठासारखं खाऊन जातं. चार घरांतल्या खिडक्यांना हे झालेलं आहे. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरलेल्या घरांत झालेलं नाही. शिवाय पट्टीच्या जाडीत फार फसवणूक होते. चौरस फुटाचा दर सांगणारा कारागीर पातळ पट्टी वापरून दर खाली आणू शकतो, आणि रंग चढवल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून कोटेशनमध्ये पट्टीची जाडी आणि वजन लिहून घ्यावं आणि माल आल्यावर तोलून बघावं.

पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती निघते आहे आणि हा विषय पुन्हा सभेपुढे येणार आहे, म्हणून माझं मत इथेच नोंदवून ठेवतो. न्हाणीघराच्या पत्र्याच्या चौकटी खालच्या सहा इंचांत सडल्या आहेत. तिथे पाणी रोजचंच, त्यामुळे तिथे ना लाकूड चालेल ना पत्रा. ज्यांनी ग्रॅनाइटच्या चौकटी बसवल्या त्यांनी बरोबर केलं. आतल्या खोल्यांच्या पत्र्याच्या चौकटी शाबूत असतील तर काढू नयेत, फक्त वाजवून बघाव्यात आणि पोकळ असतील तर भराव्यात. मुख्य दाराच्या सागाला हात लावू नये. खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच असावं, कारण पंचवीस वर्षांत आपण दर तीन वर्षांनी रंग देणारे लोक नाही हे सिद्ध झालं आहे. पण कुठलीही चौकट निवडली तरी वाळवीची तपासणी त्यातून सुटत नाही. वाळवी मातीतून येते. चौकट कशाची आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं, पलीकडे खायला काय आहे एवढंच ती बघते. तळमजल्याची भोकं दर पाच वर्षांनी पुन्हा उघडून औषध द्यावं आणि १९८५ साली वाचवलेले घरटी २५८ रुपये कोणी पुन्हा वाचवू नयेत.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी शिक्षिका बाईंना वाचून दाखवला. त्या आता ऐंशीच्या आहेत. रोजनिश्यांचा उल्लेख ठेवू का, असं विचारलं. म्हणाल्या, "ठेवा. पण उरलेल्या नऊ स्टीलच्या कपाटात ठेवल्यात, तेही लिहा."

मी म्हटलं, "बाई, कपाट भिंतीला टेकवून ठेवलंय का?"

त्या हसल्या. "नाही हो. चार बोटं सोडून. तुम्हीच सांगितलं होतंत." मग उठल्या, काठीने बेडरूमच्या चौकटीवर टकटक करून दाखवलं. भद्द वाजलं.